मोहरी आधी की मेथी आधी?

फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर घरातल्या प्रत्येकाचा दावा असतो, पण सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. आमच्या ठाण्याच्या घरात त्या वीतभर रुंद कट्ट्यावर सासूबाईंची लिंबाच्या लोणच्याची बरणी ऊन खाते, माझी कढई निथळते, मुलीची पाण्याची बाटली पालथी पडलेली असते, आणि ग्रिलच्या पलीकडे एक कबूतर या तिन्हींवर नजर ठेवून बसलेलं असतं. अशा जागेत नवऱ्याने शेती करायचं जाहीर केलं तेव्हा सगळ्यांत आधी कबुतराने मान वळवून पाहिलं.

याचं मूळ एका हॉटेलात आहे. तिथे पनीरच्या डिशवर हिरव्या धाग्यांचा एक तुरा ठेवलेला होता. मी तो बाजूला काढला, कारण कोथिंबीर धुतली नसावी अशी मला शंका आली. वेटर अदबीने म्हणाला, "मॅडम, ते मायक्रोग्रीन्स आहेत." नवऱ्याने तो तुरा खाल्ला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "अगं, ही तर मोहरी आहे." पुढच्या आठवड्यात मॉलमध्ये त्याला तोच तुरा प्लॅस्टिकच्या डबीत दिसला. डबीचा भाव वाचून त्याने तिथल्या तिथे हिशेब केला, की एवढ्या पैशांत महिनाभराची मोहरी येते. हिशेब बरोबर होता. चुकीचं होतं ते पुढचं वाक्य. "आणि आपल्याकडे खिडकी आहे."

सासूबाईंना हे सगळं समजावून सांगण्यात आलं. बी दाट पेरायचं, बोटभर उंच झालं की कापायचं आणि कच्चं खायचं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे समुद्रमेथी."

हा विषय तिथेच संपायला हवा होता, कारण त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मुंबईत समुद्राकाठच्या वाळूत मेथी दाट पेरून, बोटभर झाली की मुळांसकट उपटून, तिच्या इवल्या इवल्या जुड्या विकायची जुनी रीत आहे. बारीक मेथी म्हणून ती बाजारात अजूनही मिळते. पांढरीशुभ्र दांडी, टोकाला दोन हिरवी पानं आणि मुळांत अडकलेला अर्धा किनारा. ती निवडायची नसते, फक्त मुळं छाटायची आणि वाळू जाईपर्यंत धुवायची, आणि वाळू पहिल्या घासापर्यंत जात नाही. सासूबाईंचं माहेर गिरगावचं. त्यांनी लहानपणापासून जे खाल्लं ते इंग्रजी नाव आणि डबी घेऊन परत आलेलं पाहून त्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "वाळू कुठून आणणार आहेस?"

वाळूऐवजी कोकोपीट आलं. नारळाच्या काथ्याचा हा भुसा विटेच्या आकारात दाबून विकतात आणि ती वीट पाण्यात टाकली की फुगते. किती फुगते हे पाकिटावर लिहिलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही. तुमच्या घरी कुणी हा उद्योग आरंभला, तर विटेचा सुरीने मोडलेला लाडवाएवढा तुकडा दोन डब्यांना पुरतो, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे अख्खी वीट बादलीत गेली आणि तासाभरात बादलीने राजीनामा दिला. भुसा एकदोनदा धुऊन घ्यावा, कारण त्यात बऱ्याचदा खार असतो. मग मुठीत घट्ट पिळून पाहावा. एखाद-दुसरा थेंब पडला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त.

ट्रे विकत घ्यायची गरज नसते. हॉटेलातून पार्सल येतं ते काळे चपटे डबे प्रत्येक मराठी घरात धुऊन साठवलेले असतात आणि ते कशासाठी साठवले आहेत हे कुणालाच माहीत नसतं. ते यासाठी. एका डब्याच्या बुडाला तापलेल्या सुईने आठ-दहा भोकं पाडायची आणि तो दुसऱ्या अख्ख्या डब्यात बसवायचा. भोकाच्या डब्यात अंगठ्याच्या पेराएवढा कोकोपीटचा थर. पाणी द्यायचं ते नेहमी खालच्या डब्यात, वरून नाही. ही एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगावी लागते आणि सांगूनही कुणी ऐकत नाही. हिरवं काही दिसलं की माणसाचा हात आपोआप तांब्याकडे जातो.

आता बी. मेथी आणि मोहरी घरात असतातच आणि वाण्याकडचं बी चांगलं रुजतं. फक्त मोहरीची डाळ रुजत नाही. हे सांगायला लागावं याचं वाईट वाटतं, पण लोणच्याच्या दिवसांत आमच्या डब्यात डाळच असते आणि ती पेरली गेली. दुभंगलेला दाणा काय उगवणार! दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. शेतीच्या दुकानातून पेरणीचं बी आणू नये. त्याला बुरशीनाशक चोपडलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून रंग दिलेला असतो. गुलाबी, निळं किंवा हिरवं चकचकीत बी कितीही देखणं दिसलं तरी ते खायच्या कामाचं नाही. आणि डब्यातली मेथी किती जुनी आहे हे कुणालाच आठवत नसेल, तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. दोन दिवसांत आठ-नऊंना मोड आले तर पेरा, चार-पाचच आले तर फोडणीला ठेवा.

नवऱ्याने हे सगळं नीट केलं. मग त्याने मेथी आणि मोहरी एकाच डब्यात पेरली. "फोडणीत नांदतात ना एकत्र?" असं त्याचं म्हणणं.

नांदतात. पण फोडणीतसुद्धा त्यांना एका वेळी टाकत नाहीत. मोहरी आधी. ती तडतडली की मग मेथीचे चार दाणे. मेथी आधी पडली तर मोहरी तडतडेपर्यंत ती करपून कडूजहर होते. हा क्रम ज्याने कधी फोडणी केली आहे त्याच्या हातात असतो. आणि खिडकीतल्या डब्यात हा क्रम नेमका उलटा होतो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला त्या डब्यात पहिल्यांदा रस वाटला.

मोहरीचा दाणा एवढासा आणि पातळ सालीचा. ओल मिळाली की दुसऱ्या दिवशी तो फुटतो आणि तिसऱ्या दिवशी उभा राहतो. मेथीचा दाणा पिवळा, चौकोनी, दगडासारखा. त्याला रात्रभर भिजवावं लागतं, मग फडक्यात बांधावं लागतं, आणि एवढे लाड करूनही तो मातीत गेल्यावर दोन दिवस विचार करतो. एकाच डब्यात दोघींना टाकलं तेव्हा मोहरी बोटभर उंच होऊन पानं पसरून बसली आणि तिच्या सावलीत मेथी अजून टरफलाची टोपी डोक्यावर घेऊन उभी होती. मोहरी कापावी तर मेथी कोवळी, मेथीसाठी थांबावं तर मोहरी जून आणि पिवळी. शिवाय एकीला भिजवून पेरायचं आणि दुसरीला कोरडं, हा भेद निराळाच.

मोहरी भिजवायची नाही. भिजली की तिच्या दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो, दाण्याला दाणा चिकटतो आणि पेरायला गेलं की बोटाला चिकटलेलं बी डब्यात पडतच नाही. पडलं तर गोळा होऊन एका जागी पडतं आणि त्या गोळ्यातलं निम्मं कुजतं. तेव्हा कोकोपीट ओलं, बी कोरडं. चहाचा पाऊण चमचा मोहरी एका पार्सलच्या डब्याला पुरते. ती चिमटीत धरून रांगोळीसारखी सोडायची. नवरा हे काम करू शकला नाही, त्याच्या चिमटीतून बी एकतर सुटेना किंवा सगळं एकदम सुटे. शेवटी सासूबाईंनी चष्मा लावला आणि एका दाण्याला दुसरा दाणा लागणार नाही असा अख्खा डबा भरून दिला. ज्या हाताने साठ वर्षं दारात ठिपके काढले त्या हाताला हे सांगावं लागत नाही. वरून माती लोटायची नाही. एक फवारा आणि झालं.

मेथीला मात्र सपाट दोन चमचे बी, आठ-दहा तास पाण्यात. ते पाणी सकाळी पिवळसर आणि बुळबुळीत झालेलं असतं. तो बुळबुळीतपणा धुऊन टाकायचा, दोन-तीन पाणी तरी लागतात. मग ओल्या फडक्यात एक दिवस. मोडाचं पांढरं टोक जेमतेम डोकावलं की पेरायचं. मोड लांब होऊ दिला तर पेरताना मोडतो, आणि फडक्यात जास्त वेळ राहिली तर मेथी आंबूस वास मारू लागते. दाणे एकमेकांना खेटून चालतील, एकमेकांवर चढलेले नकोत.

आता हिशेब. समजा रविवारी दुपारी पाहुणे जेवायला आहेत आणि दोन्ही एकदम ताजं कापून ताटात वाढायचं आहे. ऑक्टोबरचं ठाणे, म्हणजे चांगलं गरम. अशा हवेत पेरल्यापासून मोहरीला आठवडा लागतो आणि मेथीला नऊ दिवस, शिवाय भिजवण्याचे आणि बांधण्याचे दोन दिवस आधीचे. म्हणजे मेथी अलीकडच्या नाही, पलीकडच्या आठवड्यातल्या बुधवारी रात्री भिजवायची, गुरुवारी सकाळी फडक्यात, शुक्रवारी सकाळी डब्यात. मोहरीने तोपर्यंत मसाल्याच्या डब्यात आराम करायचा आणि रविवारी सकाळी कोरडी उतरायचं. सोमवारी मेथीवरचं झाकण काढायचं, बुधवारी मोहरीवरचं. पुढच्या रविवारी दोघी एका उंचीच्या. डिसेंबरात दोघींना दोन-तीन दिवस जास्त धरावेत. पाहुण्यांनी शनिवारी रात्री फोन करून "आम्ही पुढच्या आठवड्यात येतो" असं सांगितलं, तर मात्र या हिशेबात काही तजवीज नाही.

झाकणाबद्दल आमच्या घरात सगळ्यांत मोठा वाद झाला. पेरल्यावर दोन-तीन दिवस डबा अंधारात ठेवायचा आणि मेथीवर चक्क वजन ठेवायचं, हे नवऱ्याने जाहीर केलं तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, रोपांना उजेड लागतो. चौथीत आहे." चौथीत आहे ते बरोबरच आहे, पण ते हिरवं पान आल्यानंतरचं. आधीचे दिवस दाणा स्वतःच्या पोटातल्या शिदोरीवर काढतो. अंधारात दांडी उजेड शोधत लांब होते, म्हणून कापायला हाताशी काही येतं. आणि वजनामुळे मूळ वर न तरंगता खाली घुसतं, दाणे एका पातळीत उठतात आणि मेथीचं टरफल सुटायला मदत होते. रिकाम्या डब्यावर अर्धा किलो तूरडाळीचा डबा ठेवला की झालं. मोहरीला एवढं वजन सोसत नाही, तिला नुसतं झाकण पुरे.

सासूबाईंना यात काही नवल वाटलं नाही. "घटाला कुठे ऊन दाखवतो आपण?" नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरायचं, देवघराच्या कोपऱ्यात नऊ दिवस ठेवायचं आणि दसऱ्याला त्याचे पिवळेधमक तुरे टोपीत खोचायचे. ते तुरे पिवळे का, तर तिथे उजेड पोचत नाही. म्हणजे या शास्त्राचा निम्मा भाग आमच्या देवघरात दरवर्षी होतोच. पण दुसऱ्या निम्म्यात सासूबाई चुकत होत्या. घटाला रोज वरून पाणी घालतात. नवव्या दिवशी खालची माती कुबट वास मारते आणि ते कुणी मनावर घेत नाही, कारण घट कुणी खात नाही. मेथीचा डबा खायचा असतो. हे त्यांना पटलं, पण त्यानंतरही दोनदा सकाळी डब्याच्या वरच्या कडेला पाण्याचे थेंब दिसले आणि घरात कुणीच कबुली दिली नाही.

चौथ्या दिवशी डाळीचा डबा आपोआप कलला होता. मेथीने तो उचलला होता! दोन चमचे दाण्यांनी अर्धा किलो डाळ. मी हे मुद्दाम मुलीला दाखवलं आणि ती म्हणाली की तिच्या दप्तराचं वजन याहून जास्त असतं.

त्याच दिवशी मोहरीच्या डब्यात बुरशी सापडली.

म्हणजे सापडली असं नवऱ्याला वाटलं. झाकण उचलल्यावर प्रत्येक दाण्याच्या खाली पांढरी लव दिसत होती, कापसाच्या पेळूसारखी दाट. त्याने फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उपाय आले: हळद टाका, दालचिनीची पूड टाका, व्हिनेगर मारा, तुरटी फिरवा, डबा फेका, घर बदला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी नेहमीप्रमाणे शुभ सकाळ पाठवली. मी तेवढ्यात इस्त्रीची फवाऱ्याची बाटली घेतली आणि त्या लवेवर एक फवारा मारला. लव नाहीशी झाली. खाली एकेक पांढरं, गुळगुळीत, ओलं मूळ राहिलं.

ते मुळांचे केस होते. मोहरीचं मूळ ओल शोधताना अंगभर बारीक केस सोडतं, हवा जरा कोरडी झाली की ते फुलून दिसतात आणि पाणी लागलं की मुळाला चिकटून बसतात. अर्ध्या तासात ते परत फुलतात. खरी बुरशी फवाऱ्याने जात नाही, फार तर ओली होऊन लोळते. ती एका मुळाभोवती नसते, एका रोपावरून दुसऱ्या रोपावर कोळ्याच्या जाळ्यासारखी जाते, दांडीवर चढते, राखी दिसते, आणि तिला वास येतो. केसाला वास नसतो. तेव्हा आधी फवारा मारा, मग नाक लावा, आणि त्यानंतरही वाटलं तर ग्रुपवर टाका. हळदीचा उपाय सुचवणाऱ्यांना मी हे कळवलं. त्यांनी अंगठा दाखवला.

खरा रोग वेगळाच असतो आणि तो पावसाळ्यात येतो. सकाळी डब्याच्या मधोमध रुपयाएवढ्या जागेतली रोपं आडवी झालेली दिसतात. वरची पानं हिरवी, ताजी, काही झालंच नाही अशी. पण दांडी जिथे मातीतून निघते तिथे ती दोऱ्यासारखी बारीक, तपकिरी आणि पाणचट झालेली असते. शेतकरी याला मर म्हणतात. संध्याकाळपर्यंत रुपयाची वाटी होते आणि दुसऱ्या दिवशी वाटीचं ताट. आडव्या झालेल्या रोपांना औषध नाही, आणि असतं तरी जे चार दिवसांनी कच्चं खायचं त्यावर मारता आलं नसतं. डबा रिकामा करायचा, गरम पाण्याने आणि साबणाने घासायचा. अर्धा डबा चांगला दिसतो म्हणून तेवढा कापून खाऊ, हा काटकसरीचा विचार इथे करू नये. कारणं तीनच असतात: बी फार दाट, पाणी वरून, आणि झाकण काढायला उशीर. आमच्या स्वयंपाकघरात चौथं कारण होतं. डब्याशेजारी रोज सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या होत. जुलैची हवा आधीच ओली, त्यात ती वाफ. डबा कुकरपासून लांब सरकवला आणि पंखा मंद चालू ठेवला तेव्हा मर थांबली. पण ती जागा लोणच्याच्या बरणीची होती, त्यामुळे घरातलं वातावरण काही दिवस निराळ्या कारणाने ओलं राहिलं.

इथे एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 2011 साली जर्मनीत मोडांतून एका भयंकर जंतूची साथ पसरली, तिच्यात पन्नासहून अधिक माणसं दगावली, आणि तपास करत करत यंत्रणा पोचल्या त्या इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांपाशी. मोड उबेत, ओलीत, झाकून वाढतात आणि आपण ते मुळासकट खातो. मायक्रोग्रीन्स आपण मातीच्या वर कापतो आणि ते मोकळ्या हवेत वाढतात, त्यामुळे धोका कमी. पण कच्चंच खायचं असतं, तेव्हा हात धुतलेले, कात्री धुतलेली, पाणी पिण्याचं आणि डब्याला वास येत असेल तर तोंडाला लावायचं नाही. दुधाच्या पिशव्या कापायची कात्री या कामाला घेऊ नये. ही सूचना आमच्या घरासाठी होती, तुम्हालाही चालेल.

झाकण काढल्यावर डब्यातलं सगळं पिवळटपांढरं असतं आणि ते पाहून मन खट्टू होतं. एक दिवस उजेडात ठेवलं की ते हिरवं होतं. पूर्वेची खिडकी सगळ्यांत बरी. पश्चिमेची एप्रिल-मेमध्ये डबा दुपारनंतर भाजून काढते. रोपं काचेकडे झुकतात, म्हणून डबा रोज सकाळी फिरवायचा, नाहीतर सगळी शेजारच्या इमारतीत काय चाललंय ते बघत राहतात. याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. कबुतरासाठी ग्रिलला आतून जाळी लावली. त्याला मोहरीत फारसा रस नव्हता, त्याला भिजवलेली मेथी हवी होती.

कापणीच्या आदल्या संध्याकाळी मेथीच्या टोप्या काढायच्या. काही रोपं शेवटपर्यंत टरफल डोक्यावर ठेवतात. एक फवारा, दहा मिनिटं, आणि मग तळहात वरून हलकेच फिरवायचा. टरफलं सुटून हाताला लागतात. मग नीट पाहिलं तर मेथीच्या दाण्यातल्या दोन डाळिंब्याच दांडीवर चढून, लांबट पानं होऊन बसलेल्या दिसतात. मोहरीची पहिली दोन पानं मात्र बदामाच्या आकाराची, पत्त्यातल्या बदामच्या, आणि जोडीतलं एक जरा मोठं, एक जरा लहान. या दोन पानांनंतर मधून तिसरं पान डोकावू लागलं की वेळ झाली. मेथीचं ते पहिलं खरं पान एकटंच येतं, आपल्या ओळखीचं त्रिदल त्याच्या मागून. त्याची वाट पाहू नये, तोवर दांडी चिवट होते आणि कडूपणा चढतो. आणि एकदा कापलेल्या डब्याला पुन्हा फुटवा येईल म्हणून ठेवू नये. पानांच्या खाली कापल्यावर दांडीला डोळाच उरत नाही. उरलेलं कोकोपीट मुळांसकट तुळशीच्या कुंडीत जातं.

कापलेली मोहरी ताटात आली तेव्हा नवऱ्याने सर्वांना एकेक तुरा दिला आणि तोंडाकडे पाहत राहिला. दोन-तीन वेळा चावेपर्यंत काही होत नाही. मग एकदम नाकात झणका जातो आणि डोळ्यांत पाणी. सासूबाई म्हणाल्या, "फेसलेली मोहरी." परत बरोबर! मोहरी पाणी घालून फेसतात तेव्हा जे होतं तेच इथे दाताखाली होतं. तिखटपणा दाण्यात किंवा पानात तयार नसतो. त्याचे दोन घटक पानात वेगवेगळ्या खोल्यांत असतात, पान चिरडलं की भिंत पडते, दोघे भेटतात आणि झणका तयार होतो. यातला एक घटक उष्णतेला भितो. म्हणून मोहरी गरम पाण्याने फेसत नाहीत, आणि म्हणून हा तुरा उकळत्या आमटीत टाकला तर नुसतं गवत उरतं. ताट वाढून झाल्यावर वरून टाकायचा. काकडीच्या दह्यातल्या कोशिंबिरीवर तो सगळ्यांत छान लागतो, आणि निवत आलेल्या पिठल्यावरही.

मेथीला झणका नाही, तिला कडसर गोडी आहे. तिचा घोळाणा करावा. कांदा बारीक, दाण्याचा कूट, मीठ, तिखट, वरून कच्चं तेल, आणि मेथी चिरायचीही गरज नाही. विदर्भ-मराठवाड्याकडे मोठ्या पानांचा करतात, पण या कोवळ्या मेथीचा तर तोंडात विरघळतो. भाकरी गरम हवी.

पाहुण्यांच्या रविवारी हे सगळं झालं आणि वाखाणलं गेलं. पुढच्या आठवड्यात दोन डबे तयार होते आणि नवऱ्याला आत्मविश्वास आला. त्याने एका डब्यातली मेथी कापली, लसूण-मिरचीची फोडणी केली, मेथी कढईत घातली आणि परतली. कोवळ्या पानात पाण्याशिवाय काय असतं? कढईतून चार माणसांसाठी जी भाजी निघाली ती चमच्यात मावली. आम्ही ती वाटून खाल्ली. मुलीने विचारलं, "पहिलं वाढून झालं, आता भाजी कधी येणार?"

तेव्हा खिडकीत डबा ठेवा, मोहरी कोरडी पेरा, मेथी दोन दिवस आधी पेरा, दोन्ही कच्च्याच खा. आणि मेथीची भाजी करायची असेल तर पिशवी घेऊन बाजारात जा आणि दोन चांगल्या जुड्या आणा.